आधी प्लेटचा फोटो, मग पैशाची बोलणी

आज आपण मशीन घेण्याबद्दल बोलणार आहोत. कोणती मशीन चांगली, कोणत्या कंपनीची घ्यावी, हे मी सांगणार नाही. मशीनच्या अंगावर एक छोटी पट्टी असते, तिला प्लेट म्हणतात. त्या प्लेटचा फोटो आपल्या फोनवर आला, तर त्यातून काय वाचायचे, एवढेच आज बघू.

हा विषय घ्यायचे कारण सांगते. आता मशीन बघायला आपण दर वेळी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जात नाही. दुकानदार व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. त्यात मशीन कशी दिसते? नवा रंग, चकचकीत हॉपर, शेजारी लाल मिरचीची पाटी. पण ती मशीन आपल्या गावच्या लाईटवर चालेल का, आपल्या मीटरला झेपेल का आणि उद्या जाळी फाटली तर दुसरी मिळेल का, हे त्या फोटोत दिसत नाही. ते प्लेटवर लिहिलेले असते. गटाच्या कर्जातून इसार देण्याआधी पाच मिनिटे प्लेट वाचली, तर पुढचे बरेच घोळ टळतात.

आपल्या भागातल्या एका गटाचे उदाहरण घेऊन सांगते. बारा जणींचा गट आहे. उन्हाळ्यात मिरची, हळद आणि काळा मसाला करून विकतात. दळायला दर वेळी तालुक्याला जावे लागायचे. टेम्पोचे भाडे जायचे, दिवस मोडायचा. म्हणून त्यांनी मसाला दळायची पल्व्हरायझर मशीन घ्यायचे ठरवले. दोन ठिकाणांहून फोटो आले. एक मशीन जुनी होती, रंग देऊन नवी केलेली आणि स्वस्त. दुसरी नवी होती, पण महाग. दोन्ही दुकानदारांचे म्हणणे एकच होते, "ताई, तीन एचपीची मशीन आहे, घरच्या लाईटवर आरामात चालते."

गटाच्या सचिव ताई शहाण्या. त्यांनी दोघांनाही सांगितले, "दादा, मोटारीच्या प्लेटचा फोटो पाठवा. आणि मशीनवर वेगळी प्लेट असेल तर तिचाही पाठवा." 

आता ही प्लेट असते कुठे? मोटारीच्या अंगावर, बाजूला किंवा वरच्या भागाला, तळहाताएवढी पत्र्याची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. मिक्सर, इस्त्री, शेगडी अशा घरगुती वस्तूंवर ती तळाला किंवा मागच्या बाजूला असते, आणि बरेचदा पत्र्याऐवजी चिकटवलेला कागद असतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव असते, ती प्लेट नव्हे. वीज बचतीचे तारे असलेले रंगीत स्टिकरही प्लेट नव्हे. खोक्यावरचा मजकूर तर मुळीच नव्हे, कारण खोके बदलता येते.

फोटो मागताना तीन गोष्टी सांगा. पहिली, मशीनचा पिन काढून प्लेट कोरड्या फडक्याने पुसा. दुसरी, फोनचा फ्लॅश लावू नका, कारण पत्र्यावर उजेड परततो आणि नेमके मधले आकडे पांढरे होतात. दिवसाच्या उजेडात, किंचित तिरका फोन धरून काढलेला फोटो स्वच्छ येतो. नंबर पत्र्यात ठोकून उमटवलेले असतील तर बाजूने बॅटरीचा उजेड पाडला की उठून दिसतात. तिसरी, फोटो व्हॉट्सॲपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की फोटोचा आकार कमी होतो, आणि आपण मोठा करून बघायला गेलो की आकडे विरघळतात. 

आणि एक फोटो पुरत नाही. एक लांबून, पूर्ण मशीन दिसेल असा. एक मोटारीचा, प्लेट मोटारीवर कुठे आहे ते दिसेल असा. आणि एक फक्त प्लेटचा. नाहीतर प्लेट कुठल्या मशीनची आणि फोटो कुठल्या मशीनचा, हे कळायला मार्ग नाही.

फोटो आला. प्लेटवर इंग्रजीत पंधरा-वीस शब्द आणि आकडे दिसतात, आणि बघूनच घाबरायला होते. घाबरू नका. त्यातल्या तीनच गोष्टी आधी शोधायच्या. व्होल्ट, वॅट आणि मॉडेल नंबर. नव्या मशीनच्या मोटारीवरची प्लेट अशी होती. मासिकात वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी ती जशीच्या तशी खाली देते.

```
INDUCTION MOTOR   1 PH
HP 3      kW 2.2
V 230     A 15.5
Hz 50     RPM 2880
MODEL  PM-310S
SR NO  240817
```

आता पहिली गोष्ट, व्होल्ट. प्लेटवर इंग्रजी व्ही हे अक्षर शोधा. खाली टोक, वर दोन फाटे, असे ते अक्षर. कधी आकड्याच्या आधी असते, कधी नंतर. आपल्या घरात जी लाईट येते ती २३० व्होल्टची. म्हणून घरच्या लाईनवर चालणाऱ्या वस्तूवर २३०, २२० किंवा २४० असे लिहिलेले असते. २२० ते २४० अशी जोडीही असते. हे सगळे आपल्या कामाचे. व्होल्टच्या जवळ ५० हा आकडा असतो, तो हर्ट्झ. आपल्या देशात वीज ५० हर्ट्झचीच असते, त्यामुळे तिथे ५० दिसले की पुढे जायचे. कुणी नातेवाईकाने अमेरिकेतून मिक्सर आणला आणि त्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे असेल, तर तो आपल्या भिंतीच्या प्लगमध्ये सरळ घालायचा नाही, जळतो.

पण व्होल्ट बरोबर फेजही बघावा लागतो. प्लेटवर पी-एच अशी दोन अक्षरे असतात आणि त्यांच्या शेजारी १ किंवा ३. एक म्हणजे सिंगल फेज, आपल्या घरासारखी. तीन म्हणजे थ्री फेज, विहिरीवरच्या मोठ्या मोटारीसारखी. थ्री फेज मोटारीवर व्होल्टचा आकडा ४१५ किंवा ४०० असतो. ही मोटार घरच्या सिंगल फेजला जोडली तर फिरत नाही. नुसती घुं-घुं करते, तापते आणि वायंडिंग जळते.

आता जुन्या मशीनच्या फोटोकडे येऊ. त्या मोटारीला हिरवा रंग दिला होता आणि रंग प्लेटवरही आला होता. फेजचा आकडा रंगाखाली गेलेला. व्होल्टच्या जागी पहिला आकडा झाकलेला, पुढे फक्त १५ दिसत होते. गटातली एक जण म्हणाली, "२१५ असेल." दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "हो ना ताई, घरचीच लाईट." 

पण प्लेटवरच्या बाकीच्या ओळी स्पष्ट होत्या. एचपी ३, किलोवॅट २.२ आणि अँपियर ४.७. अँपियर म्हणजे मोटार किती करंट ओढते तो आकडा, त्याच्याजवळ इंग्रजी ए असते. सचिव ताईंनी एक साधा गुणाकार केला. व्होल्ट गुणिले अँपियर. २१५ गुणिले ४.७, म्हणजे साधारण १०१०. सिंगल फेज मोटार असेल तर ती लाईनमधून जास्तीत जास्त एवढेच वॅट घेऊ शकते. आणि प्लेट तर म्हणते की मोटार २.२ किलोवॅट, म्हणजे २२०० वॅटचे काम देते. हजार घेऊन बावीसशे कसे देईल? शेळी दोन तांब्यांचे दूध देत असेल तर कुणी चार तांबे दाखवले की आपण काय समजतो? आकडा चुकलाय किंवा दुसऱ्या शेळीचे दूध मिसळलेय. इथे आकडा चुकला होता. ते २१५ नव्हते, ४१५ होते. तीन फेजमध्ये करंट तीन तारांत वाटला जातो, म्हणून अँपियर इतके कमी. 

हा ताळा लक्षात ठेवा. तीन एचपीची मोटार सिंगल फेजवर साधारण पंधरा-सोळा अँपियर ओढते. थ्री फेजवर साडेचार-पाच. एवढा मोठा फरक असल्यामुळे व्होल्टचा आकडा पुसलेला असला तरी अँपियरवरून मोटार ओळखता येते. आणखी एक खूण फोटोतही दिसते. सिंगल फेज मोटारीच्या पाठीवर कपॅसिटर असतो. गोल डबीसारखा किंवा उंचवट्यासारखा भाग. थ्री फेज मोटारीला तो नसतो, नुसती वायरी जोडायची पेटी असते. ताईंनी लांबून काढलेला फोटो पुन्हा बघितला. पाठ सपाट होती.

गटातल्या एकीने विचारले, "आमच्या शेतात विहिरीवर थ्री फेज आहे की. तिथे नेऊन बसवू." पण शेतीची लाईन ठरावीक तासांनाच येते, कधी दिवसा, कधी रात्री. शिवाय ते कनेक्शन शेतीच्या कामासाठी दिलेले असते, त्यावर धंद्याची मशीन चालवता येत नाही. म्हणून जुनी मशीन तिथेच बाजूला पडली. ती वाईट होती असे नाही. ज्यांच्याकडे थ्री फेजचे धंद्याचे कनेक्शन आहे त्यांच्यासाठी ती चांगलीच होती. या गटाच्या खोलीसाठी नव्हती.

आता दुसरी गोष्ट, वॅट. मिक्सर, इस्त्री, शेगडी यांच्या प्लेटवर इंग्रजी डब्ल्यू शोधा. दोन व्ही शेजारी चिकटवल्यासारखे ते अक्षर. त्याच्याजवळचा आकडा म्हणजे ती वस्तू लाईनमधून किती वीज घेते. मिक्सरवर ७५० असेल, इस्त्रीवर १००० असेल. हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट. एक किलोवॅटची वस्तू एक तास चालली की मीटरवर एक युनिट पडते. ७५० वॅटचा मिक्सर पूर्ण एक तास चालला तर पाऊण युनिट.

मोठ्या मोटारीवर मात्र नुसते वॅट नसतात. तिथे एचपी आणि किलोवॅट असतात. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणून तीन एचपीच्या प्लेटवर २.२ किलोवॅट लिहिलेले असते. इथे एक गोष्ट नीट ऐका. मिक्सरच्या प्लेटवरचा वॅटचा आकडा म्हणजे तो किती वीज घेतो. मोटारीच्या प्लेटवरचा किलोवॅटचा आकडा म्हणजे मोटारीचा दांडा किती काम देतो. घेते त्यापेक्षा जास्त, कारण काही वीज उष्णतेत आणि आवाजात जाते. म्हणून तीन एचपीची सिंगल फेज मोटार पूर्ण ओझ्यावर चालली की तासाला सव्वादोन नव्हे, तर साधारण तीन युनिट धरायचे. गटाने हिशेब केला. हंगामात रोज चार तास मशीन चालेल, म्हणजे रोज बारा युनिट. महिन्यात पंचवीस दिवस धरले तर तीनशे युनिट. आपल्या बिलावर जो दर आहे त्याने गुणले की महिन्याचा लाईटचा खर्च आला, आणि तो दळणाच्या भावात धरता आला.

फोटोत टिंब हरवते, हे लक्षात ठेवा. २.२ चे २२ दिसते, १५.५ चे १५५ दिसते. ताळा सोपा आहे. एचपीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊण पट करा. तीनची पाऊण पट सव्वादोन. म्हणजे किलोवॅट २.२ बरोबर, २२ असूच शकत नाही. 

मग प्रश्न आला, ही मोटार गटाच्या खोलीत चालेल का? याचे उत्तर प्लेटवरच्या अँपियरमध्ये आहे. आपल्या घरात दोन प्रकारचे प्लग असतात. लहान तीन पिनेचा सहा अँपियरचा आणि मोठा सोळा अँपियरचा. लहान प्लगवर इस्त्री, मिक्सर अशा हजार वॅटपर्यंतच्या वस्तू ठीक. नव्या मशीनची मोटार १५.५ अँपियर ओढणार. म्हणजे मोठ्या प्लगची सगळी ताकद तिथेच संपली. आणि हे झाले चालू असताना. सुरू होताना कुठलीही मोटार क्षणभर प्लेटवरच्या आकड्याच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून अशी मोटार प्लगवर चालवायची नाही. तिला मीटरपासून वेगळी जाड वायर, तिच्या मापाचा एमसीबी आणि चांगले अर्थिंग लागते. दिव्या-पंख्यासाठी ओढलेल्या बारीक वायरवर ती लावली तर वायर भिंतीच्या आत तापते. वरून दिसत नाही. आधी प्लग पिवळा पडतो, मग जळका वास येतो. वायरची जाडी वायरमनने ठरवायची, पण त्याला प्लेटचा फोटो आपण दाखवायचा. "तीन एचपी आहे" एवढे सांगून भागत नाही.

आता आपले लाईटचे बिल काढा. त्यावर मंजूर भार असे लिहिलेले असते. त्या गटाच्या खोलीच्या बिलावर तो एक किलोवॅट होता. मोटार एकटी तीनच्या आसपास घेणार. म्हणजे महावितरणच्या कार्यालयात भार वाढवून घ्यायला अर्ज करणे भाग होते. त्याच वेळी मसाला दळायच्या कामाला कोणता दर लागेल, हेही तिथे विचारून घ्यायचे. गटाने वायरमनकडून वायर, एमसीबी आणि अर्थिंगचा खर्च लिहून घेतला. भार वाढवायला किती भरावे लागतील ते विचारले. हे दोन्ही आकडे मशीनच्या किमतीत मिळवले, आणि मगच बँकेकडे किती कर्ज मागायचे ते ठरवले. प्लेट आधी वाचली नसती तर कर्ज मशीनपुरते काढले असते, आणि मशीन दारात येऊन वायरिंगच्या पैशांसाठी हंगामभर झाकून ठेवावी लागली असती.

तिसरी गोष्ट, मॉडेल नंबर. प्लेटवर मॉडेल हा शब्द असतो, कधी टाइप असाही असतो. त्याच्यापुढे अक्षरे आणि आकडे मिसळलेले असतात. त्याच्याखाली आणखी एक नंबर असतो, तो सीरियल नंबर. या दोहोंत गल्लत होते. मॉडेल नंबर म्हणजे साडीचा नमुना, त्या नमुन्याच्या हजार साड्या असतात. सीरियल नंबर म्हणजे आधार कार्डाचा नंबर, एकाच मशीनचा. सुटा भाग मागवताना मॉडेल नंबर लागतो. गॅरंटीत तक्रार करताना दोन्ही लागतात.

मॉडेल नंबर फोटोवरून उतरवताना काही अक्षरे फसवतात. शून्य आणि इंग्रजी ओ सारखे दिसतात. एक आणि आय सारखे. पाच आणि एस, आठ आणि बी, दोन आणि झेड. वरच्या प्लेटवर शेवटचे अक्षर एस आहे. धुरकट फोटोत कुणी ते पाच वाचले तर नंबर दुसराच झाला. आणि बऱ्याचदा शेवटच्या अक्षराला अर्थ असतो. गटाने कंपनीच्या विक्रेत्याला विचारले तेव्हा कळले की त्या मशीनच्या नंबरात एस म्हणजे सिंगल फेज, आणि तीच मशीन थ्री फेजमध्ये घेतली तर शेवटी टी असतो. बाकी नंबर तोच. म्हणजे एका अक्षराने मशीन आपल्या खोलीत चालणार की नाही ते ठरत होते. म्हणून नंबर उतरवला की फोटो आणि वही शेजारी धरून दुसरीने एकेक अक्षर मोठ्याने वाचायचे आणि पहिलीने वहीत बोट ठेवायचे. शंका आली तर दुकानदाराला "आठ की बी?" असे नेमके विचारायचे.

पल्व्हरायझरसारख्या मशीनला बरेचदा दोन प्लेट असतात, हे मी मघाशी सहज बोलून गेले. ते आता सांगते. मोटार एका कंपनीची असते आणि मशीन दुसरीची. व्होल्ट, एचपी आणि अँपियर मोटारीच्या प्लेटवर असतात. जाळी, आतले हातोडे, हॉपर हे मशीनच्या मॉडेलप्रमाणे मिळतात. उद्या जाळी फाटली आणि तुम्ही मोटारीचा मॉडेल नंबर सांगितला तर दुकानदार बुचकळ्यात पडेल. आणि मोटारीचा कपॅसिटर गेला आणि मशीनचा नंबर सांगितला तरी तेच. म्हणून दोन्ही प्लेटचे फोटो ठेवा, आणि कुठला कशाचा ते वहीत लिहून ठेवा.

आता प्लेट काय सांगत नाही, तेही ऐका. मशीनला किती व्होल्ट हवेत ते प्लेट सांगते. आपल्या गावात प्रत्यक्षात किती येतात ते सांगत नाही. ट्रान्सफॉर्मर लांब असेल तर संध्याकाळी दिवे मंद होतात, तेव्हा व्होल्ट बरेच खाली आलेले असतात. अशा वेळी ओझ्याखाली मोटार जास्त करंट ओढते, तापते, आणि कधी सुरूच होत नाही. म्हणून मशीन घेण्याआधी वायरमनला सकाळी आणि संध्याकाळी मीटर लावून व्होल्ट मोजायला सांगा. कमी येत असतील तर दळण दुपारी करायचे की आणखी काही करायचे, ते आधीच ठरवता येते.

दुसरे, जुनी मोटार पुन्हा वायंडिंग केलेली असेल तर प्लेट जुनीच राहते आणि आतले काम बदललेले असू शकते. प्लेट रिव्हेटऐवजी नव्या स्क्रूने बसवलेली दिसली किंवा आजूबाजूचा रंग नवा आणि प्लेट मात्र जुनाट दिसली, तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. जुनी मोटार असेल तर जोडून, ओझ्यावर अर्धा तास चालवून दाखवायला सांगा, आणि तेव्हा आपला वायरमन बरोबर न्या.

त्या गटाने पुढे काय केले ते सांगून संपवते. नवी मशीन ठरली. कोटेशनवर दुकानदाराने नुसते "मसाला मशीन, ३ एचपी" असे लिहिले होते. सचिव ताईंनी ते परत पाठवले. मशीनचा आणि मोटारीचा मॉडेल नंबर, २३० व्होल्ट, सिंगल फेज, २.२ किलोवॅट, एवढे लिहून नवे कोटेशन घेतले, आणि तेच बँकेत दिले. टेम्पोतून मशीन उतरली तेव्हा तिघी जणी उभ्या होत्या. एकीच्या हातात फोनमधला फोटो, दुसरीच्या हातात बिल, तिसरी मोटारीजवळ वाकून प्लेट वाचत होती. हमाल म्हणाला, "वहिनी, सही करा, मला पुढे जायचंय." ती म्हणाली, "थांबा दादा, एवढा नंबर जुळू दे." व्होल्ट जुळले, मॉडेल जुळले. मोटारीचा सीरियल नंबर बिलावर लिहिलेला नव्हता, तो तिथेच लिहून घेतला आणि मग चलनावर सही केली.

आता तुम्ही एक करा. आज घरी गेल्यावर मिक्सरचा पिन काढा, भांडे बाजूला ठेवा आणि मिक्सर उलटा करून त्याच्या प्लेटचा फोटो काढा. व्ही, डब्ल्यू आणि मॉडेल नंबर शोधून वहीत उतरवा. पुढच्या बैठकीत सगळ्या जणी फोन घेऊन बसा आणि एकमेकींचे फोटो वाचा, नंबर जुळवून बघा. गटाच्या मशीनचा फोटो येईल तेव्हा वाचायची सवय झालेली असेल. गटाकडे आधीच एखादी मशीन असेल, तर तिच्या दोन्ही प्लेटचे फोटो आजच काढून ठेवा, कारण पीठ, तिखट आणि तेल लागून प्लेट वर्षभरात वाचता येईनाशी होते, आणि सुटा भाग नेमका भर हंगामात लागतो.